मास्तर, केटी आणि 'रांडच्या': कोल्हापूरच्या कॉलेजात काय खपतं आणि काय अंगाशी येतं

प्रश्न: मी अमरावतीचा, यंदा कोल्हापुरात इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतलीय, होस्टेलला राहतो. इथली पोरं सरांना, पेपरला, एकमेकांना जे काय म्हणतात त्यातलं निम्मं कळत नाही, आणि शिवी कुठली अन् प्रेम कुठलं हे तर अजिबातच नाही. परवा रूममेटशी त्याच्यासारखंच बोलायला गेलो तर तो बोलायचाच बंद झाला. कुठला शब्द चालतो, कुठला नाही?

उत्तर:

मी इथं कॉलेजात मराठी शिकवतो, मधे बरीच वर्षं होस्टेलचा रेक्टर होतो आणि पोरांची भांडणं मिटवायच्या कमिटीवर अजून मलाच बसवतात, त्यामुळं यातले बरेचसे शब्द मला तक्रार अर्जातनंच पाठ झालेत. रूममेटचं काय झालं असेल याचा अंदाज आहे मला, त्यावर येतोच, पण आधी तुझं 'बे' सोड. तुमच्याकडं 'काय बे' म्हणजे साधं 'काय रे', मला माहीत आहे, पण इथल्या पोराच्या कानाला ते सिनेमातल्या गुंडाच्या 'अबे'सारखं लागतंय, आणि तू प्रेमानं म्हणालास हे त्याला कोण समजावून सांगणार.

आता सरांचं बघ. इथं 'मास्तर आलं' आणि 'मास्तर आला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि बाहेरनं आलेली पोरं नेमकं इथंच गंडतात. तुझ्या कानाला 'आलं' म्हणजे नपुंसकलिंगी, 'ते कार्टं आलं' तसलं, म्हणून तुला वाटणार की सरांची टिंगल चाललीय. पण आमच्याकडं 'आले'चंच 'आलं' होतंय. 'पाव्हणं आलं', 'सर गेलं', शहरातली पोरं 'सर आल्यात' म्हणतात, हे सगळं आदरार्थी आहे. टिंगल असली तर ती 'आला'मध्ये असते. 'सर आला रं' असं पोरगं दारातनं ओरडलं की समजायचं या सरांचं वर्गात काही चालत नाही. म्हणजे शब्द 'सर' असूनसुद्धा अपमान होतो आणि 'मास्तर' म्हणूनसुद्धा मान राहतो, क्रियापदाकडं कान ठेव.

'मास्तर' हा शब्द पाठीमागं चालतो, तोंडावर नाही. गावाकडच्या शाळेत अजून लोक मास्तर, गुरुजी म्हणून हाक मारतात आणि त्यात मान असतो, पण कॉलेजात पीएचडी केलेल्या माणसाला तोंडावर 'मास्तर' म्हटलंस तर त्याला ते उतरवल्यासारखं वाटणार. 'मास्तरडा' मात्र कुठंच चालत नाही, तो 'डा' लागला की संपलं. 'म्हातारं' हे मधलं. 'म्हातारं तापलंय आज' असं एचओडीबद्दल म्हणतात तेव्हा त्यात धाक पण असतो आणि थोडी माया पण, आणि खरं सांगायचं तर त्या एचओडींना ते माहीत असतंय.

टोपणनावांचं एक सरळ आहे, सवयीवरनं पडलेलं नाव टिकतं आणि शरीरावरनं पडलेलं सडतं. आमचे एक सहकारी दर दोन वाक्यांनी 'लक्षात येतंय का' म्हणायचे, पोरांनी त्यांना 'लक्षात सर' केलं, सेंडऑफला तेच नाव छापलेला कप दिला आणि ते अजून स्टाफरूममध्ये त्यातनंच चहा पितात. दुसऱ्या एका सरांचे केस औषधांमुळं गेले होते, पोरांना आजाराचं काही माहीत नव्हतं, त्यांनी पहिल्या बेंचवर करकटकनं 'टकल्या' कोरलं. ते सर महिनाभर त्या बेंचकडं न बघता शिकवत होते आणि पुढच्या टर्मला त्यांनी तो वर्गच बदलून घेतला. पोरांना विचारलं तर म्हणाली, सर आम्ही सगळ्यांनाच कायतरी म्हणतोय. ते खरं पण होतं.

आणि हा 'या' बघ, टकल्यातला. सचिनचा सच्या, संदीपचा संद्या, प्रवीणचा पव्या, यात वाईट काहीच नाही, उलट महिन्याभरात तुझ्या नावाला कोणी 'या' लावला नाही तर तू अजून बाहेरचाच आहेस असं समज. पण तोच 'या' सरांच्या आडनावाला लागला, पाटलांचा 'पाटल्या' झाला, की ती थेट हेटाळणी. बरोबरीच्याला जवळ आणतो आणि मोठ्याला खाली ओढतो, काम एकच करतो तो. मॅडमच्या बाबतीत हेच 'ईण' करतं. 'पाटलीणबाई' गावात मानाचं आहे, पण कॉरिडॉरमध्ये 'पाटलीण आली बघ' हे मानाचं नाही, आणि नुसतं 'ती बाई' तर त्याहून नाही. 'मॅडम आल्या' म्हण, वेगळं काही लागत नाही.

परीक्षेचे शब्द सोपे आहेत, ते तुझ्याकडं पण थोडेफार असणारच. केटी म्हणजे एटीकेटी, विषय राहिला पण पुढच्या वर्षात बसू देतात. ती 'लागते' आणि मग 'सुटते'. रिझल्टच्या दिवशी 'सुटलास का?' विचारलं तर तुरुंगातनं नाही, सगळ्या विषयांतनं. वायडी म्हणजे इयर डाऊन, वर्षच गेलं. जर्नल 'छापायचं' म्हणजे दुसऱ्याचं बघून उतरवायचं, सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खा मजला छापत बसलेला असतो. 'नाईट मारली' म्हणजे रात्रभर अभ्यास, 'घासू' म्हणजे सारखा अभ्यास करणारा, 'बाजार उठला' म्हणजे पेपर पूर्ण गेला. एकाच ठिकाणी फसशील, 'इषय हार्ड' म्हणजे सब्जेक्ट अवघड नव्हे, एकदम भारी असं म्हणायचंय. एम-थ्रीच्या पेपरनंतर कोणी 'इषय हार्ड' म्हटलं तर त्याचं तोंड बघून ठरव.

यात उद्धट असं काही नाही, जोपर्यंत शब्द पेपरला चिकटलेला आहे तोपर्यंत. 'मला वायडी लागली' हे पोरगं स्वतः हसत सांगतं, पण 'ए वायडी, इकडं ये' अशी हाक सुरू झाली की ते पोरगं मेसला उशिरा यायला लागतं, गर्दी गेल्यावर जेवतं. रेक्टर असताना मी यावरनंच ओळखायचो, जेवायची वेळ बदलली की काहीतरी चिकटलंय.

आणि एक प्रकार असा की त्यात शिवी नसते, टोपणनाव नसतं, शब्द स्वच्छ असतात. 'तुझं काय बाबा, तुला कट-ऑफचं टेन्शन नाही', 'सवलतीवर आलेला', 'कोटा'. हसत हसत म्हणतात, ऐकणारा पण हसतो. माझ्या मते या सगळ्या यादीत सगळ्यात वाईट हेच. शाहू महाराजांनी १९०२ साली हुकूम काढून याच गावच्या करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागास समाजाला ५० टक्के जागा राखून ठेवल्या, आणि त्याच गावात कॅन्टीनला बसून पोरं असलं बोलतात. जातीचं नाव घेऊन चारचौघात अपमान केला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, पण 'कोटा' म्हणणारा जातीचं नाव घेतच नाही, म्हणून त्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत. कमिटीपुढं ते सुरक्षित नसतं, हे लक्षात ठेव.

आता दोस्तांकडं येतो, तुझं खरं दुखणं तिथंच आहे.

भावा, मर्दा, गड्या, लेका हे चार शब्द कुणालाही, कधीही चालतात. 'भावा' तर आता मुली पण एकमेकींना म्हणतात, आणि इथल्या बऱ्याच मुली 'मी आलो', 'मी जेवलो' असंच बोलतात, त्याला हसू नकोस, ती त्यांच्या घरातली भाषा आहे आणि त्यावर पुण्यामुंबईची माणसं आधीच पुरेशी हसलेली आहेत. 'पैलवान', 'वस्ताद' हे तालमीतनं आलेले, गल्लोगल्ली तालमी असलेलं गाव आहे हे. काडीसारख्या पोराला 'पैलवान' म्हणतात ती चेष्टा, पण लॅबमधल्या असिस्टंटना 'वस्ताद' म्हणतात ते मनापासून, कारण मशीन बंद पडलं की सर नाही, तेच चालू करतात.

पुढची पायरी 'खुळं', 'येडं', 'ध्यान' आणि 'बेणं'. बेणं म्हणजे लागणीचं उसाचं कांडं, इथं शेतात रोजचा शब्द. 'लई बेणं हाय ते' म्हणजे डांबरट आहे, वस्तू आहे. हे सगळे नपुंसकलिंगी आहेत हे बघ, माणसाला 'ते' केलं की तो लेकरासारखा होतो, म्हणून राग येत नाही. पण 'कडू बेणं' म्हणताना थोडा थांब. पोरं 'कडू' म्हणजे खडूस, वाईट खोडीचा एवढ्याच अर्थानं वापरतात, त्यांना दुसरा अर्थ माहीत पण नसतो. जुन्या बोलण्यात कडू म्हणजे लग्नाच्या बायकोपासून न झालेली संतती. मित्राच्या घरी जेवायला गेलास आणि त्याच्या आजोबांसमोर त्याला 'कडू' म्हणालास तर आजोबांचा हात ताटातच थांबेल, मित्र हसत असला तरी.

आणि मग 'रांडच्या'.

बाहेरचा माणूस हा शब्द पहिल्यांदा ऐकतो आणि हादरतो, कारण आजी नातवाला म्हणते, दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, गळ्यात हात टाकून मित्र मित्राला म्हणतो. 'काय रंऽ रांडच्या, हुतास कुठं?' यात राग अजिबात नाही, खूप दिवसांनी भेटल्याचा आनंद आहे. पण म्हणून शब्द पुसून गुळगुळीत झालाय असं समजू नकोस. शिवी आईवरच आहे. 'रांड'चा जुना अर्थ विधवा, नंतरचा त्याहून वाईट, आणि रोजच्या वापरात दोन्ही अर्थ झोपलेले असतात एवढंच. कधी जागे होतील सांगता येत नाही.

एक प्रकरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून गावं बदलून. रूममध्ये एक पोरगं कागलकडचं, एक जळगावकडचं. कागलकरच्या तोंडात हा शब्द दिवसभर, उठ रांडच्या, चहा पिणार का रांडच्या. जळगावकर आधी बिचकला, मग सरावला, मग त्याला वाटलं आपण पण म्हटलं पाहिजे, नाहीतर आपण यांच्यातले होणार नाही. रूममध्ये एकदोनदा म्हणाला, कागलकर हसला. मग सबमिशनच्या आदल्या रात्री कागलकरनं ग्रुपची फाईल पाठवली नाही म्हणून जळगावकरनं वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'रांडच्या फाईल टाक की'. वर्गातली सगळी पोरं-पोरी त्या ग्रुपवर. दहा मिनिटांत दोघं मेसच्या दारात एकमेकांच्या कॉलरला, आणि सकाळी माझ्या टेबलावर अर्ज.

जळगावकरचं म्हणणं साधं होतं, सर हा मला रोज पन्नासदा म्हणतो, मी एकदा म्हटलं तर मारामारी? वरवर बघितलं तर बरोबरच आहे. कागलकर काहीच बोलेना. मग बाकीची पोरं बाहेर पाठवली तेव्हा म्हणाला की त्याचे वडील त्याच पावसाळ्यात गेले होते, आई म्हशी सांभाळून त्याची फी भरत होती, आणि रूममध्ये ऐकताना तसं काही वाटलं नाही पण ते लिहिलेलं वाचलं, मुलींनी वाचलं, तेव्हा तो शब्द आईलाच लागला. जळगावकरला वडिलांचं माहीतच नव्हतं.

यात नेमकं काय काय बदललं ते बघ, शब्द तर तोच होता. एक, तोंडी होता तो लेखी झाला. तोंडी म्हणताना 'रं' लांबतो, चेहरा हसरा असतो, हात खांद्यावर असतो, आणि माया त्या सगळ्यात असते, शब्दात नाही. स्क्रीनवर फक्त शब्द उरला. दुसरं, ऐकणारे बदलले, चार जणांच्या रूममधली गोष्ट मुलींसमोर आली, आणि मुलींसमोर हा शब्द इथली पोरं एकमेकांना सहसा म्हणत नाहीत, त्या पोरानं पण कधी म्हटला नव्हता. तिसरं, प्रेमाच्या रांडच्याच्या मागनं प्रश्न येतो, जेवलास का, कुठं हुतास. इथं मागनं हुकूम आला, टाक की. हुकमाला जोडला की शब्द शिवी होतो. आणि चौथं, घरातली परिस्थिती, जी बाहेरच्याला कधीच लगेच कळत नाही.

आम्ही जळगावकरला त्याच ग्रुपवर माफी लिहायला लावली, जिथं बोललास तिथंच, खाजगीत नाही. आणि कागलकरला सांगितलं की आता रूममध्ये तू पण हा शब्द बंद, तुला लागतो तर दुसऱ्यालाही लागू शकतो. त्याला हे पटायला जळगावकरपेक्षा जास्त वेळ लागला, म्हणाला सर माझ्या तोंडात बसलंय ते. पुढं वर्षभर दोघं एकाच रूममध्ये राहिले.

तुझ्या रूममेटबरोबर असंच काहीतरी झालंय असं मला वाटतं. तू कुठला शब्द वापरलास ते लिहिलं नाहीस, पण 'त्याच्यासारखंच बोलायला गेलो' म्हणतोस म्हणजे फार पर्याय उरत नाहीत. एक गोष्ट पक्की धर, हा शब्द नवीन माणसानं आपणहून सुरू करायचा नसतो. तुला म्हटला म्हणजे तुला पण म्हणायची परवानगी मिळाली असं नाही. आणि त्यात 'आय' किंवा 'तुझ्या' आलं तर ती सरळ शिवी, तिथं प्रेमाबिमाचा विचार करत बसू नकोस, बाजूला हो. 'आयला', 'च्यायला' हे मात्र नुसते उद्गार, पेन हरवलं तरी म्हणतात.

मुलींबद्दल फार लिहीत नाही कारण तिथं गोंधळ नाहीच. माल, आयटम, छावी, पाखरू, यातला कुठलाच शब्द कुठल्याच सुरात चालत नाही. गोंधळ आहे तो 'वहिनी'चा. एखाद्या पोराला एखादी मुलगी आवडते, तिला पत्ता पण नसतो, आणि हे सगळे तिला बघून एकमेकांत 'वहिनी चालल्या, वहिनी' करतात. पोरांना वाटतं किती सभ्य शब्द, नात्यातला, वर आदरार्थी. पण तिनं कुणाला हो म्हटलेलं नसताना तुम्ही तिचं लग्न लावून मोकळे. मी बघितलेल्या तक्रारींत 'वहिनी' वरनं आलेल्या काही कमी नाहीत, आणि प्रत्येक वेळी पोरं तोंड वासून बघतात, सर आम्ही तर वहिनी म्हणालो. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत तुझ्या गँगमध्ये पण हे सुरू होईल. त्यात सामील होऊ नकोस.

तुझ्या स्वतःच्या बाबतीत एक. तुला पण 'नागपुऱ्या' नाहीतर 'विदर्भ' म्हणून हाक मारायला लागतील, अमरावती कुठं आणि नागपूर कुठं याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. बरोबरीची पोरं म्हणत असतील आणि तुला चालत असेल तर राहू दे. पण सीनियर लावून धरत असतील, तुझ्या बोलण्याची नक्कल करायला लावत असतील, तर ती चेष्टा राहत नाही. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमात नुसतं बोलून किंवा लिहून नवीन मुलाला चिडवणं, उद्धटपणे वागवणं हे पण बसतं, आणि २०१६ च्या दुरुस्तीत दिसणं, प्रदेश, भाषा यावरनं केलेला त्रास स्पष्ट घातलाय. अ‍ॅडमिशनच्या वेळी तू आणि घरच्यांनी जे प्रतिज्ञापत्र भरलं ते याचंच. कॉलेजच्या कमिटीकडं जायचं नसेल तर १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर आहे.

इथली पोरं चिडली की शिव्या वाढतील असं तुला वाटत असेल, पण उलट होतंय. खरा राग आला की ती सभ्य होतात. 'भावा'चं 'मित्रा' होतं, 'मित्रा'चं 'साहेब', आणि एकदम बिनसलं की 'अहो'. बरोबरीच्या पोरानं तुला 'अहो, बोला की' म्हटलं तर समजून जा.

रूममेटला मेसेज टाकू नकोस. संध्याकाळी चहाला घेऊन जा, बाकीच्यांना न घेता, आणि सरळ विचार, 'मला इथलं अजून जमत नाही गड्या, माझं काय लागलं तुला?' तो सांगेल ते ऐकून घे, 'तू पण म्हणतोसच की' हे वाक्य कितीही ओठावर आलं तरी गिळ, ते खरं असलं तरी आत्ता त्याचा उपयोग नाही. मग निदान दिवाळीपर्यंत 'भावा' आणि 'मर्दा' एवढ्यावरच भागव. चहाला चल म्हटल्यावर तो 'अहो, तुम्ही जाऊन या' म्हणाला, तर मात्र आज विचारू नकोस, चार दिवस थांब आणि परत बोलव.